सात दिवस उघडी राहणारी विक्री

ऑनलाइन कुर्त्या विकणाऱ्याने ३० सप्टेंबरच्या रात्री महिन्याचा हिशेब काढला की विक्रीचा आकडा भरघोस दिसतो. २०२५ मध्ये ॲमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांचेही मोठे सेल २३ सप्टेंबरला सुरू झाले. म्हणजे महिन्यातली सगळ्यात जास्त पार्सलं शेवटच्या चार-पाच दिवसांत ग्राहकांच्या हातात पडली. आणि कुर्ती पसंत नसेल, साइज बसत नसेल, तर परत करायला ग्राहकाकडे बहुधा डिलिव्हरीपासून सात दिवस असतात. त्यामुळे ३० तारखेच्या विक्रीतला एक मोठा तुकडा अजून पक्का झालेलाच नसतो. त्यातलं किती परत येईल हे ७ ऑक्टोबरपर्यंत कळत नाही. महिना मात्र ३० तारखेला संपतो, आणि बरेच जण ३ तारखेच्या आत वही बंद करतात.

अशा वेळी पूर्ण विक्री धरली तर सप्टेंबर फुगतो आणि ऑक्टोबर कारण नसताना खंगलेला दिसतो. मग सप्टेंबरच्या नफ्यावर विसंबून दिवाळीचा माल भरला जातो आणि दोन आठवड्यांनी पैसे आखडतात. हे टाळण्यासाठी, जो माल परत येण्याची शक्यता आहे त्याची विक्री आधीच बाजूला काढतात. याला परताव्याची तरतूद म्हणतात. ती नेमकी किती काढायची, कुठे लिहायची आणि नंतर कशी मिटवायची, हे एकाच दुकानाच्या हिशेबातून पाहू.

आधी एक सीमा आखून घेऊ, कारण तिथेच पहिला घोळ होतो. ग्राहकाच्या दारातून परत आलेलं पार्सल आणि ग्राहकाने घेऊन मग परत केलेलं पार्सल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्ता सापडला नाही, फोन उचलला नाही, सीओडीचे पैसे द्यायला नकार दिला, तर कुरिअर पार्सल तसंच माघारी आणतं. धंद्यात याला आरटीओ म्हणतात. त्यात माल ग्राहकाच्या ताब्यात गेलाच नाही, म्हणजे विक्री झालीच नाही. त्याची तरतूद करायची नसते. ती विक्रीत धरायचीच नसते. ज्यांच्या वहीत बिल फाटताक्षणी, माल पाठवल्याच्या दिवशीच विक्री पडते, त्यांनी महिनाअखेरीला रस्त्यात असलेली सगळी पार्सलं विक्रीतून काढून शिलकी मालात घ्यायला हवीत. आणि हे केल्यावरच परताव्याचा विचार करायचा. आरटीओ आणि ग्राहकाचे रिटर्न एकाच टक्क्यात मिसळले की तो टक्का कशालाच उपयोगी पडत नाही, कारण एकाचं मूळ पत्त्यात आणि सीओडीत असतं, दुसऱ्याचं साइजमध्ये आणि फोटोत.

जांगड मालाचंही तसंच. मुंबईच्या हिरे बाजारात माल जांगडीवर देतात, म्हणजे समोरच्याने पाहून, ठेवायचा की नाही ते ठरवून मग सांगायचं. तोपर्यंत माल देणाऱ्याचाच, विक्री शून्य. ऑनलाइन ग्राहकाने मात्र पैसे देऊन माल विकत घेतलेला असतो, फक्त त्याला परत करायचा हक्क आहे. म्हणून इथे विक्री होते, पण सगळीच्या सगळी नाही.

मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस ११५ या मानकात हे स्पष्ट आहे. ते भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालं. त्याचं म्हणणं साधं आहे: जितका माल ग्राहक ठेवून घेतील असं वाटतं, तितक्याचीच विक्री धरा. उरलेल्याचे पैसे हे तुमचं उत्पन्न नाही, ते ग्राहकाला देणं आहे. आणि जो माल परत येणार आहे, तो परत मिळवण्याचा हक्क ही तुमची मालमत्ता आहे. दोन्ही वेगवेगळं दाखवा, एकमेकांतून वजा करू नका. छोट्या दुकानदाराला हे मानक लागू नसलं तरी गणित तेच राहतं.

आता दुकान. पुण्यातून एकाच तऱ्हेच्या सुती कुर्त्या विकणारं, असं समजू. ग्राहकाकडून ९४५ रुपये येतात. त्यात ५ टक्के जीएसटी ४५ रुपये, म्हणजे दुकानाची विक्री ९०० रुपये. ४५ रुपये सरकारचे, ते विक्रीतही नाहीत आणि तरतुदीतही नाहीत. कुर्ती घरात पडते ४०० रुपयांना. रोज साधारण १०० नग पोहोचतात, सेलमध्ये ३०० पर्यंत जातात.

पहिला प्रश्न: परताव्याचा टक्का किती? बहुतेक जण महिन्यातले रिटर्न भागिले महिन्यातली विक्री करतात. हे वाढत्या विक्रीत हमखास फसतं. सप्टेंबरअखेर विक्री तिप्पट झाली, पण तिचे रिटर्न ऑक्टोबरात येणार. म्हणून सप्टेंबरचा टक्का कमी दिसतो. ऑक्टोबरात विक्री पुन्हा जागेवर येते आणि सप्टेंबरचे रिटर्न तिच्यावर कोसळतात, म्हणून ऑक्टोबरचा टक्का भीतिदायक दिसतो. ग्राहकांची सवय दोन्ही महिन्यांत तीच असूनही! खरा टक्का काढायचा तर डिलिव्हरीच्या दिवशीचा गठ्ठा धरून त्याच्या मागे जायला लागतं. १ जुलैला पोहोचलेल्या १०० नगांपैकी किती नगांवर, कितव्या दिवशी रिटर्नची विनंती आली? २ जुलैच्या किती? असे जुलै-ऑगस्टचे साठेक गठ्ठे एकत्र केले की एक चढण दिसते. मार्केटप्लेसच्या ऑर्डर रिपोर्टमधली डिलिव्हरीची तारीख आणि रिटर्न रिपोर्टमधली विनंतीची तारीख ऑर्डर क्रमांकावर जुळवली की हे निघतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आपल्या दुकानात ही चढण अशी आहे असं धरू. १०० नग पोहोचले तर त्याच दिवशी १ विनंती येते, दुसऱ्या दिवशी ४, तिसऱ्या दिवशी ४, मग ३, २, १, १. आणि शेवटच्या, म्हणजे डिलिव्हरीनंतरच्या सातव्या दिवशी पुन्हा २. एकूण १८. शेवटचा उंचवटा लक्षात घ्या. कुर्ती कपाटावर ठेवून विसरलेले लोक मुदत संपायच्या दिवशी जागे होतात. महिन्याच्या चौथ्या दिवशी वही बंद करून ‘आता येणारे रिटर्न आले’ असं समजणाऱ्याला हाच उंचवटा पकडतो.

या चढणीचा उपयोग असा: एखाद्या गठ्ठ्याला किती दिवस झाले ते कळलं, की अजून किती विनंत्या यायच्या बाकी आहेत ते कळतं. ३० सप्टेंबरला पोहोचलेल्या गठ्ठ्यातून १८ पैकी १ आली, १७ बाकी. २४ तारखेच्या गठ्ठ्यातून १६ आल्या, फक्त २ बाकी. २३ तारखेच्या आणि त्याआधीच्या गठ्ठ्यांची मुदत संपली, तिथे बाकी शून्य.

| डिलिव्हरी | पोहोचलेले नग | अजून येणाऱ्या विनंत्या, शेकडा | नग |
|---|---|---|---|
| २४ सप्टेंबर | १०० | २ | २ |
| २५ सप्टेंबर | १०० | ३ | ३ |
| २६ सप्टेंबर | १५० | ४ | ६ |
| २७ सप्टेंबर | २०० | ६ | १२ |
| २८ सप्टेंबर | ३०० | ९ | २७ |
| २९ सप्टेंबर | ३०० | १३ | ३९ |
| ३० सप्टेंबर | ३०० | १७ | ५१ |
| एकूण | १,४५० | | १४० |

शीटमध्ये नग `B` रकान्यात आणि शेकडा प्रमाण `C` मध्ये असेल, तर एवढंच पुरतं:

```
=SUMPRODUCT(B2:B8, C2:C8)/100
```

हे १४० नग म्हणजे ज्यांच्या मालकांनी अजून तोंडही उघडलेलं नाही असे. पण तरतूद इथे संपत नाही, आणि दुसरा घोळ नेमका इथेच होतो. ३० तारखेला आणखी काही नग असे असतात की ग्राहकाने विनंती केली आहे, कदाचित कुरिअरने उचललंही आहे, पण पार्सल अजून गोदामात आलेलं नाही. दुकानात क्रेडिट नोट माल हातात आल्यावरच बनते, त्यामुळे हे नग वहीत अजून ‘विकलेले’ आहेत. माल परत यायला साधारण पाच दिवस लागतात, आणि ३० तारखेला असे १३६ नग वाटेत आहेत असं धरू. त्यांत २३ तारखेआधी पोहोचलेल्या कुर्त्याही आहेत, ज्यांची मुदत संपलेली आहे. मुदत संपली म्हणजे विषय संपला, असं समजून त्या गठ्ठ्यांकडे कुणी पाहतच नाही. मुदत विनंतीची असते, माल घरी यायची नव्हे.

या १३६ ना अंदाज लागत नाही. रिटर्न रिपोर्टमध्ये जिथे विनंती आहे पण माल मिळाल्याची तारीख नाही, त्या ओळी मोजायच्या, बस. दोन्ही मिळून १४० अधिक १३६, म्हणजे २७६ नग.

इतकी उठाठेव कशाला, १,४५० चे सरळ १८ टक्के काढले तर २६१ येतात, फरक पंधराचाच, असं कुणी म्हणेल. यावेळी जवळ आला, कारण दोन चुकांनी एकमेकींना झाकलं. त्या पद्धतीत या आठवड्यातले जे थोडे नग परत येऊन वहीत मिटले तेही पुन्हा धरले जातात आणि आधीच्या आठवड्याचे वाटेतले नग सुटतात. कुरिअर पाचऐवजी बारा दिवस घेऊ लागलं, जसं दिवाळीच्या गर्दीत होतं, की सुटणारे नग वाढतात आणि सरळ टक्का बराच कमी पडतो. उलट, संपूर्ण महिन्याच्या ३,७५० नगांवर १८ टक्के लावणारे ६७५ नग बाजूला काढतात. त्यातले निम्म्याहून जास्त नग परत येऊन मिटून गेलेले असतात. तीच विक्री दोनदा वजा होते.

आता रुपये. २७६ नग गुणिले ९०० म्हणजे २,४८,४०० रुपये. एवढी विक्री सप्टेंबरातून बाहेर.

माल परत येणार, तर त्याची किंमत नफ्यात परत घ्यायला हवी. पण ४०० रुपयांनी नाही. परतीचं पार्सल उघडून पाहिलं की कारण समजतं. पिशवी फाडून पुन्हा चिकटपट्टीने गुंडाळलेली. कुर्तीच्या गळ्याला आतून फाउंडेशनचा फिकट तपकिरी पट्टा, काखेत घामाचा वास, म्हणजे एखाद्या कार्यक्रमाला घालून परत पाठवली. दुसऱ्यात टॅग कापलेला. तिसऱ्यात आपली कुर्तीच नाही, कुणाची तरी जुनी आहे. आणि बहुतेकांत कुर्ती घडीसकट जशीच्या तशी, फक्त साइज चुकली. म्हणून गोदामात तीन क्रेट ठेवायचे: पुन्हा विकण्याजोगा, कमी भावात जाणारा, फुकट गेलेला. महिनाभर मोजलं की प्रमाण हाती येतं. आपल्या दुकानात १०० पैकी ८५ नग पहिल्या क्रेटमध्ये, १० दुसऱ्यात जे रस्त्यावरच्या विक्रेत्याला १५० रुपयांनी जातात, आणि ५ तिसऱ्यात.

१०० परतीच्या नगांचं मोल झालं ८५ गुणिले ४०० अधिक १० गुणिले १५०, म्हणजे ३५,५००. नगामागे ३५५. त्यातून परतीचं भाडं आणि नवी पिशवी-इस्त्रीचे मिळून ९० रुपये वजा. उरले २६५. इंड एएस ११५ हेच सांगतं: मालाची मूळ किंमत घ्या, परत आणायचा खर्च आणि मोल घटण्याची शक्यता वजा करा. २७६ गुणिले २६५ म्हणजे ७३,१४० रुपये.

चुकीच्या मालाबद्दल मार्केटप्लेसकडे दावा करता येतो आणि पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ असेल तर तो टिकतो. पण दावा मंजूर होईपर्यंत तो पैसा इथे धरायचा नाही.

३० सप्टेंबरच्या नोंदी:

```
विक्री खाते                   नावे   २,४८,४००
    परतावा देणे खाते          जमा            २,४८,४००

परत येणारा माल खाते           नावे     ७३,१४०
    विकलेल्या मालाचा खर्च      जमा              ७३,१४०
```

नफा १,७५,२६० रुपयांनी कमी झाला. पडताळा करून पाहू. न टिकणाऱ्या २७६ विक्रींवर नगामागे ५०० नफा धरला होता, तो १,३८,००० गेला. शिवाय प्रत्येक परतीत ४०० च्या मालातले १३५ रुपये झिजतात, ते ३७,२६०. बेरीज १,७५,२६०. ही दुसरी रक्कम बरेच जण विसरतात. परतावा म्हणजे फक्त नफा हुकला असं वाटतं, पण प्रत्येक परतीत पदरचे पैसेही जातात. आपल्या दुकानात एक रिटर्न ६३५ रुपयांचा फटका देतो, म्हणजे एका विक्रीच्या नफ्याहून जास्त.

मार्केटप्लेसचं कमिशन इथे सोपेपणासाठी बाहेर ठेवलं आहे. रिटर्नवर कमिशन परत मिळत असेल तर २७६ नगांचं कमिशनही खर्चातून काढून येणं दाखवायचं. जाण्याचं भाडं आणि ठरावीक फी परत मिळत नसेल तर ती खर्चातच राहते. कोणतं परत मिळतं हे सेटलमेंट रिपोर्टच्या ओळी वाचूनच ठरवायचं, आठवणीने नाही.

ऑक्टोबर उजाडला की तिसरा घोळ वाट पाहत असतो, आणि तो सगळ्यात महाग. माल येऊ लागतो, क्रेडिट नोटा बनतात, आणि टॅली सवयीने त्या ‘विक्री परत’ या खात्यात टाकते. म्हणजे जी विक्री सप्टेंबरात वजा झाली तीच ऑक्टोबरातही वजा. परतावा देणे खात्यात २,४८,४०० तसेच पडून राहतात, आणि वर्षाअखेरीला हिशेबनीस विचारतो, हे कुणाचं देणं? म्हणून ३० सप्टेंबरपर्यंत पोहोचलेल्या नगाचा रिटर्न आला की ९०० रुपये परतावा देणे खात्याला नावे, ४५ रुपये जीएसटी देण्याला नावे, आणि ९४५ मार्केटप्लेसच्या खात्याला जमा. क्रेडिट नोटेवर मूळ डिलिव्हरीची तारीख असली की कोणता रिटर्न जुन्या महिन्याचा आणि कोणता नव्याचा, हे पाहताक्षणी कळतं.

मालाच्या बाजूलाही तसंच. परत आलेला चांगला नग शिलकी मालात ४०० ला, दुय्यम १५० ला, आणि दोन्ही परत येणारा माल खात्यात जमा. भाड्याचं आणि पिशव्यांचं बिल त्याच खात्यात नावे. सगळं अंदाजाप्रमाणे झालं तर ७३,१४० नावे, खर्चाचे २४,८४० नावे आणि मालाचे ९७,९८० जमा होऊन खातं शून्यावर येतं. शून्यापासून दूर राहिलं तर क्रेटचं प्रमाण किंवा भाड्याचा दर चुकला आहे. वेगळा तपास लागत नाही, खातंच सांगतं.

१५ ऑक्टोबरच्या सुमारास खरे आकडे येतात. वाटेतल्या १३६ पैकी १३१ आले, पाच ग्राहकांनी विनंती मागे घेतली किंवा उचलायला गेलेल्या माणसाने माल पाहून नाकारला. न बोललेल्यांकडून १४० ऐवजी १६१ आले असं धरू. एकूण २९२, अंदाजापेक्षा १६ जास्त. सप्टेंबरची वही बंद झाली असेल तर १६ गुणिले ९००, म्हणजे १४,४०० रुपये ऑक्टोबरच्या विक्रीतून जातात. पाच कमी आणि एकवीस जास्त हे वेगवेगळं पाहण्यात अर्थ आहे. वाटेतल्या नगांचा अंदाज ठीकच निघाला. चुकला तो चढणीचा भाग, आणि तोही दीडपट नाही, १५ टक्क्यांनी. कारण सेलमध्ये लोक दोन साइज मागवतात आणि एक परत करतात, घाईत घेतात, शेजारच्या दुकानात आणखी स्वस्त दिसलं की परत करतात. जुलै-ऑगस्टच्या शांत महिन्यांची चढण सेलला लावली, ही चूक. पुढच्या सेलला मागच्या सेलचीच चढण लावायची, आणि नेहमीच्या दिवसांसाठी नेहमीची. सीओडी आणि आधी पैसे भरलेल्या ऑर्डरी, कुर्त्या आणि ओढण्या यांचंही वेगळं मोजलं तर फायदा होतो, पण प्रत्येक गटात काही शे नग नसतील तर फोडू नये. ४० ओढण्यांवर काढलेला टक्का दोन ग्राहकांनी बदलतो.

ग्राहकाने त्याच कुर्तीची एम ऐवजी एल मागितली, भाव तोच, तर तो हिशेबात रिटर्न धरत नाहीत. विक्री कायम राहते, येण्या-जाण्याचं भाडं तेवढं खर्चात. काही मार्केटप्लेसच्या रिपोर्टमध्ये अदलाबदलीची ओळ रिटर्न म्हणून येते आणि नवी ऑर्डर म्हणूनही येते. ती गाळली नाही तर टक्का फुगतो.

अगदी नवा माल असेल, उदाहरणार्थ पहिल्यांदाच आणलेल्या लिननच्या कुर्त्या, तर इतिहासच नसतो. तशाच भावाच्या, तशाच मापाच्या मालाची चढण चालत असेल तर लावावी. तेही नसेल तर सात दिवस उलटेपर्यंत त्या गठ्ठ्याची विक्री धरूच नये. नियमाचा कलही तिकडेच आहे: नंतर मोठी रक्कम मागे घ्यायला लागणार नाही याची पक्की शक्यता असेल तेवढीच विक्री आज धरायची. पण याचा अर्थ मनाला येईल तेवढं जास्त बाजूला काढावं असा नाही. चांगल्या महिन्यात दोन लाख जास्त दाबून ठेवायचे आणि मंद महिन्यात हळूच सोडायचे, हे काही ठिकाणी चालतं. त्याने दोन्ही महिन्यांचं चित्र खोटं होतं, आणि बँकेला दाखवलेलं पत्रकही. महिन्यामागून महिना अंदाज एकाच बाजूला चुकत असेल तर तो अंदाज राहिलेला नसतो.

घाऊक व्यापाऱ्यांना ही सरासरी चालत नाही. एकाच दुकानदाराला ५०० नग दिले आणि हंगाम संपल्यावर न खपलेले परत घ्यायचं ठरलं, तर १८ टक्के परत येतील असं म्हणणं निरर्थक आहे. तो एकतर थोडे परत करील किंवा मोठा गठ्ठा. तिथे सरासरी सोडून सर्वांत संभाव्य एकच आकडा धरतात, आणि तो कळायला दुकानदाराला फोन करून ‘किती खपले?’ विचारायला लागतं.

करांच्या बाबतीत ही तरतूद मदतीला येत नाही. जीएसटीचं विवरण सप्टेंबरच्या पूर्ण विक्रीवर भरायचं. कर कमी होतो तो क्रेडिट नोट बनल्यावर, त्या महिन्याच्या विवरणात. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा वार्षिक विवरण भरेपर्यंत, जे आधी असेल तोवर, ती क्रेडिट नोट विवरणात घ्यायला हवी. म्हणून वहीतली विक्री आणि जीएसटीची विक्री महिनाअखेरीला जुळणार नाही, आणि जुळू नये. दोन्हींतला फरक परतावा देणे खात्याच्या शिलकेत त्या महिन्यात झालेल्या बदलातून आणि रस्त्यात असलेल्या पार्सलांतून येतो, हे दाखवणारं पत्रक दर महिन्याला बनवून ठेवलं तर नोटीस आल्यावर धावपळ होत नाही. मार्केटप्लेस कापत असलेला जीएसटीचा टीसीएस, जो १० जुलै २०२४ पासून अर्धा टक्का आहे, तो मात्र परतावे वजा करून उरलेल्या विक्रीवर असतो.

आयकरात अशी तरतूद खर्च म्हणून मान्य होईल का, हा प्रश्न येतो. वॉरंटीच्या तरतुदीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रोटॉर्क कंट्रोल्स प्रकरणात सांगितलं की मागच्या अनुभवावर बसवलेला भरवशाचा अंदाज असेल तर ती वजावट मिळते, नुसती गोळाबेरीज असेल तर नाही. निकाल वॉरंटीचा आहे, रिटर्नचा नाही. तरी डिलिव्हरीच्या गठ्ठ्यांचा तक्ता, क्रेटची मोजणी आणि मागच्या अंदाजांची खऱ्या आकड्यांशी तुलना फाइलमध्ये असणं आणि ‘दहा टक्के धरले’ एवढं एक वाक्य असणं, यांत फरक पडतो.

३१ मार्चला मात्र बहुतेक छोट्या दुकानांना अंदाजाची गरजच उरत नाही. वार्षिक हिशेब पक्का व्हायला जून-जुलै उजाडतो, तोवर मार्चच्या शेवटच्या पार्सलांचे सगळे रिटर्न येऊन गेलेले असतात. ३१ मार्चपर्यंत पोहोचलेले आणि नंतर परत आलेले नग मोजायचे आणि तोच आकडा तरतुदीत घ्यायचा. हिशेबाच्या मानकांनाही हेच मान्य आहे, कारण एप्रिलमध्ये आलेला रिटर्न हा ३१ मार्चला असलेल्या परिस्थितीचाच पुरावा आहे. जूनमध्ये बसून, खरे आकडे समोर असताना, १८ टक्क्यांचा अंदाज लावणारे पुष्कळ दिसतात. त्यांनी रिटर्न रिपोर्ट उघडावा, डिलिव्हरीची तारीख ३१ मार्च किंवा आधीची आणि माल मिळाल्याची तारीख १ एप्रिल किंवा नंतरची, अशी चाळणी लावावी, आणि ओळी मोजाव्यात.